नोंदणीआधी काय दिसावे? ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या पानाची सुटसुटीत मांडणी

धाराशिव जिल्ह्यात ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या किंवा चालवू पाहणाऱ्या महाविद्यालयांकडून, शिकवणी वर्गांकडून, शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून आणि बचत गटांच्या संघांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. अभ्यासक्रमाच्या पानावर माहिती भरपूर दिलेली असते, तरीही ‘किती दिवस चालतो’, ‘मोबाइलवर होतो का’, ‘दहावी लागते का’ असे फोन येतच राहतात आणि नोंदणी केलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसेनासे होतात. या दोन्ही गोष्टींचे मूळ बहुधा एकच असते. पानावर संस्थेला सांगावेसे वाटणारे सारे असते, परंतु शिकणाऱ्याला निर्णय घेण्यासाठी लागणारी चार उत्तरे एक तर नसतात किंवा इतकी खाली असतात की तिथवर कोणी पोहोचत नाही.

ती चार उत्तरे कशी तयार करावीत, हे या लेखात एकाच नमुन्याच्या आधारे मांडले आहे. नमुना म्हणून उस्मानाबादी शेळीपालनाचा सहा आठवड्यांचा मराठी अभ्यासक्रम घेतला असून तो कल्पित आहे. त्यातील आकडे मोजणीची रीत दाखवण्यासाठी आहेत. आपल्या अभ्यासक्रमाचे आकडे आपण स्वतः मोजूनच लिहावेत.

चार उत्तरे आणि त्यांची जागा

नोंदणी करण्यापूर्वी शिकणाऱ्याला पुढील गोष्टी कळाल्या पाहिजेत :

- अभ्यासक्रम संपल्यावर नेमके काय करता येईल;
- दर आठवड्याला किती तास द्यावे लागतील आणि ते कशासाठी;
- तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल;
- आधीपासून काय येत असावे आणि हाताशी काय असावे.

जिल्ह्यातील बहुतेक शिकणारे हे पान संगणकावर नव्हे, तर मोबाइलवर पाहतात. त्यामुळे ही उत्तरे मोबाइलच्या पहिल्या दोन स्क्रीनमध्ये आणि ‘नोंदणी करा’ या बटणाच्या आधी आली पाहिजेत. उद्घाटनाचे छायाचित्र, संस्थेचा इतिहास, शिक्षकांच्या पदव्या आणि मान्यवरांचे अभिप्राय काढून टाकण्याची गरज नाही, पण त्यांची जागा त्या उत्तरांच्या खाली असावी.

येथे तीन चुका हमखास आढळतात. पहिली चूक म्हणजे तपशील लॉगिन केल्यावरच दिसण्याची सोय करणे. त्यामुळे निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती निर्णय घेतल्यानंतर मिळते. दुसरी चूक म्हणजे सारा मजकूर रंगीत माहितीपत्रकाच्या चित्रात बसवणे. चित्रातील अक्षरे लहान स्क्रीनवर वाचता येत नाहीत, दृष्टिहीन व्यक्तींच्या मोबाइलमधील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला ती ओळखता येतीलच असे नाही आणि तारीख बदलली की संपूर्ण चित्र नव्याने करावे लागते. तिसरी चूक म्हणजे एकाच बाबीची माहिती पानावर एक, माहितीपत्रकात दुसरी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशात तिसरी असणे. कालावधी, शुल्क व अटी यांचे मूळ स्थान पान हेच ठरवावे आणि बाकी सर्व ठिकाणी त्याचा केवळ दुवा द्यावा.

उपलब्ध पानांवरून काय घ्यावे, काय सोडावे

केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. त्यावरील अभ्यासक्रमांच्या पानांवर कालावधी, श्रेयांक, स्तर, सुरुवात व शेवट, नोंदणीची अंतिम तारीख आणि परीक्षेची तारीख एका तक्त्यात दिलेली असते. त्याच मंचावर आयआयटींच्या पुढाकाराने चालणाऱ्या एनपीटीईएलच्या पानांवर अभ्यासक्रम कोणासाठी आहे, पूर्वअटी कोणत्या आणि प्रत्येक आठवड्यात काय शिकवले जाईल, हेही नमूद असते. तक्ता, ठोस तारखा आणि आठवडावार मांडणी या तीन गोष्टी आपण जशाच्या तशा उचलाव्यात.

मात्र याच पानांचे बारकाईने वाचन केल्यास खरा अभ्यासभार, म्हणजे शिकणाऱ्याला प्रत्यक्षात खर्चावा लागणारा एकूण वेळ, सहज कळत नाही, हेही लक्षात येते. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साधारण ३० तासांची व्याख्याने असतात आणि त्याला सामान्यतः ३ श्रेयांक धरले जातात. श्रेयांक हे शिकण्याच्या वेळेचे शैक्षणिक माप असून राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार १ श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे ३० तास, ज्यात ऐकणे, वाचणे, सराव आणि मूल्यमापन हे सर्व येते. त्या हिशेबाने ३ श्रेयांकांचे ९० तास होतात आणि आठवड्याला साडेसात तास पडतात. व्याख्याने पाहून जो आठवड्याला अडीच तास बाजूला ठेवतो, त्याचा अंदाज तिपटीने चुकतो आणि ही चूक त्याची नसते.

प्रमाणपत्राच्या अटींचेही तसेच आहे. एनपीटीईएलमध्ये गृहपाठांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. गृहपाठात २५ पैकी २५ आणि परीक्षेत २९ गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची बेरीज ५४ होते, तरी त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. नोंदणी विनामूल्य असली तरी परीक्षेचे शुल्क वेगळे असते आणि परगावचे केंद्र मिळाल्यास परीक्षेच्या दिवसाबरोबर जाण्यायेण्याचा वेळ व खर्चही धरावा लागतो. या अटी पानावर असतात, परंतु शिक्षकांच्या परिचयाच्याही खाली. आपल्या पानावर त्यांची जागा वरच्या तक्त्यात असावी.

निष्पत्ती : ‘माहिती मिळेल’ हे उत्तर नव्हे

अध्ययन निष्पत्ती म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटी शिकणाऱ्याला जे करून दाखवता येईल ते. ‘शेळीपालनाची सखोल माहिती मिळेल’, ‘व्यवसायाची जाण येईल’, ‘आत्मविश्वास वाढेल’ ही वाक्ये निष्पत्ती सांगत नाहीत, कारण ती खरी ठरली की नाही, हे तपासण्याची सोय कोणाजवळच नसते. प्रत्येक निष्पत्तीसाठी एक साधी कसोटी लावावी : तिच्यावर गुण देता येतील असे एखादे काम सांगता येते का? येत नसेल तर ते वाक्य पानावरून काढावे.

नमुन्यातील अभ्यासक्रमासाठी या कसोटीला उतरणाऱ्या चार निष्पत्ती अशा लिहिता येतील :

१. १० शेळ्या आणि १ बोकड यांच्या गोठ्यासाठी लागणारी बंदिस्त व मोकळी जागा मोजून आराखडा काढता येईल.
२. शेळी गाभण गेल्याच्या तारखेवरून विण्याची अपेक्षित तारीख (गाभण काळ सुमारे १५० दिवस) आणि त्या काळातील खुराक ठरवता येईल.
३. पीपीआर, आंत्रविषार यांसारख्या रोगांवरील लसीकरणाचे वर्षभराचे वेळापत्रक आपल्या कळपासाठी, पशुवैद्यकाकडून तपासून घेण्याजोगे, लिहिता येईल.
४. चारा, खुराक, औषधे आणि विक्री यांचा वर्षाचा जमाखर्च मांडून नफा-तोट्याचा अंदाज काढता येईल.

यासोबत अभ्यासक्रमातून काय साधणार नाही, तेही एका वाक्यात लिहावे. वरील अभ्यासक्रमाने कोणी रोगनिदान किंवा उपचार करण्यास पात्र होत नाही, ही गोष्ट पानावर असणे आवश्यक आहे. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनांत १० शेळ्या आणि १ बोकड असा गट वाटपासाठी धरला जातो आणि त्यात उस्मानाबादी जातीचा समावेश आहे. त्यामुळे या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळाले की अनुदान मिळते, असा समज सहज होतो. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडण्याचा एक कागद ठरू शकते, परंतु लाभार्थ्यांची निवड विभागाच्या निकषांनुसार होते. ‘अनुदानासाठी उपयुक्त’ असे मोघम शब्द टाळून ही वस्तुस्थिती सरळ लिहावी.

निष्पत्तींची संख्या चार-पाचच्या पुढे नेऊ नये. बारा निष्पत्ती लिहिलेल्या पानावर बहुधा पाठांची यादीच वेगळ्या क्रियापदांत लिहिलेली असते.

अभ्यासभार : अंदाज नको, मोजणी हवी

चारही उत्तरांत सर्वाधिक दडलेले उत्तर हे. अभ्यासक्रम तयार करणारे बहुधा व्हिडिओंची एकूण लांबी मोजतात आणि तीच पानावर लिहितात, कारण तो आकडा तयार मिळतो. शिकणारा मात्र व्हिडिओ थांबवतो, मागे नेतो, वहीत लिहून घेतो, वाचतो, चाचणी देतो आणि गोठ्यात जाऊन काम करतो. या प्रत्येकाची वेगळी मोजणी करावी लागते. नमुन्यातील अभ्यासक्रमाची मोजणी अशी होते :

- व्हिडिओ : सरासरी १२ मिनिटांचे २४ व्हिडिओ म्हणजे २८८ मिनिटे. थांबणे व पुन्हा पाहणे धरून दीडपट केल्यास ४३२ मिनिटे, म्हणजे ७ तास १२ मिनिटे.
- वाचन : आकृत्या व तक्त्यांसह ६० पाने, पानाला ३ मिनिटे या हिशेबाने ३ तास.
- चाचण्या : दर आठवड्याला २० मिनिटांची एक, अशा सहा चाचण्यांचे २ तास.
- प्रत्यक्ष कामे : गोठ्याची मोजणी, वजनाची नोंद, चाऱ्याचा हिशेब आणि लसीकरणाचे वेळापत्रक अशी चार कामे, प्रत्येकी २ तास, एकूण ८ तास.
- अंतिम काम : वर्षाचा जमाखर्च आणि व्यवसाय आराखडा, ४ तास.

बेरीज २४ तास १२ मिनिटे, म्हणजे ढोबळमानाने २४ तास होते. व्हिडिओंची लांबी पाहून ‘पाच तासांचा अभ्यासक्रम’ असे लिहिले असते तर ते व्हिडिओंपुरते खरे ठरले असते आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ पाचपट खोटे.

व्हिडिओच्या वेळेची दीडपट हा सुरुवातीचा अंदाज आहे, नियम नव्हे. आकडेमोड असलेल्या पाठांना तो अपुरा पडतो आणि नुसत्या गप्पावजा मुलाखतींना अधिक होतो. म्हणून पहिल्या तुकडीतील आठ-दहा जणांना प्रत्येक कामाचा वेळ लिहून ठेवण्यास सांगावे आणि दुसऱ्या तुकडीच्या वेळी पानावरील आकडा त्यानुसार बदलावा. अशा वेळी सर्वांत वेगवान शिकणाऱ्याचा वेळ न घेता मधल्या व्यक्तीचा वेळ घ्यावा. शिक्षकाने स्वतः सोडवून पाहिलेल्या चाचणीचा वेळ तर कधीच लिहू नये; ज्याने प्रश्न काढले त्याला उत्तरे शोधावी लागत नाहीत.

आता या २४ तासांना ६ आठवड्यांनी भागून ‘आठवड्याला ४ तास’ असे लिहिण्याचा मोह होतो. सरासरी चुकीची नाही, पण ती फसवी आहे. व्हिडिओ, वाचन आणि चाचणी मिळून प्रत्येक आठवड्याला सुमारे २ तास लागतात. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात प्रत्येकी एक प्रत्यक्ष काम असल्याने तेथे ४ तास होतात आणि शेवटच्या आठवड्यात अंतिम कामामुळे ६ तास. पहिला आठवडा २ तासांत सहज आटोपलेल्या व्यक्तीला पुढेही तेवढेच काम असेल असे वाटते, आणि भार एकदम दुप्पट झाला की ती गळते. म्हणून पानावर ‘पहिला आठवडा २ तास, पुढील चार आठवडे प्रत्येकी ४ तास, शेवटचा आठवडा ६ तास’ असे लिहावे. ओळ थोडी लांबते, परंतु घरच्या कामांची आखणी तिच्या आधारेच करता येते.

अभ्यासभारात डेटाही येतो. वरील प्रत्येक व्हिडिओची फाइल ६० एमबीची असेल तर २४ व्हिडिओंचे १,४४० एमबी, म्हणजे सुमारे दीड जीबी होतात. व्हिडिओ उतरवून ठेवण्याची सोय नसेल आणि ते पुन्हा पाहिले गेले तर हा आकडा वाढतो. फायलींचा आकार संगणकावर दिसतोच, तेव्हा त्याची बेरीज करून ‘एकूण डेटा सुमारे दीड जीबी; एकदा उतरवून नेटवर्कशिवाय पाहता येते’ एवढे लिहिणे अवघड नाही. गावात नेटवर्क अधूनमधून जाणाऱ्या व्यक्तीला या ओळीचे मोल शिक्षकाच्या पदव्यांहून अधिक वाटेल.

कालावधी : आठवडे पुरेसे नाहीत, तारखा हव्यात

कालावधी आणि अभ्यासभार यांची गल्लत फार होते. ‘६ आठवडे’ हा दिनदर्शिकेवरचा विस्तार झाला, ‘२४ तास’ हे काम झाले. दोन्ही आकडे शेजारी असावेत आणि त्यांच्या जोडीला चार तारखा द्याव्यात : नोंदणी बंद होण्याची, सुरुवातीची, शेवटचे काम सादर करण्याची आणि व्हिडिओ पाहण्याची मुभा संपण्याची. ‘आपल्या सवडीने शिका’ असे लिहूनही सहा आठवड्यांनी पाठ बंद होत असतील तर ती सवड नव्हे, हे पानावर स्पष्ट झाले पाहिजे.

तारखा ठरवताना जिल्ह्याचे कामाचे वेळापत्रक समोर ठेवावे. जून-जुलैत खरिपाची पेरणी असते. सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि त्याच सुमारास तुळजापूरचे शारदीय नवरात्र असते. या काळात शेतकरी कुटुंबातील व्यक्तीकडून आठवड्याला चार तासांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. डिसेंबर-जानेवारी बरा, पण ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे तेव्हा गावात नसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी एप्रिल-मे महिन्यांत वेगळी तुकडी ठेवावी लागते. गोठ्यातील प्रत्यक्ष कामे परगावी करता येणार नाहीत, हे तर उघड आहे. तुकडी कोणासाठी सोयीची आहे, ते तारखेशेजारीच लिहिल्यास चुकीच्या तुकडीत नाव घालण्याचे प्रकार कमी होतात.

पूर्वअटी : आवश्यक आणि उपयुक्त यांची फारकत

पूर्वअटींच्या रकान्यात बहुतेक पानांवर ‘दहावी उत्तीर्ण’ किंवा ‘कोणीही’ यांपैकी एक उत्तर असते आणि दोन्ही बहुधा विचार न करता लिहिलेली असतात. शेळीपालनाच्या अभ्यासक्रमाला दहावीचे प्रमाणपत्र कशासाठी लागते, असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. प्रत्यक्षात लागते ते मराठी वाचन, बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारी. आठवी शिकलेल्या पण वीस वर्षे शेळ्या राखलेल्या बाईला त्या अटीने बाहेर ठेवले जाते आणि टक्केवारी विसरलेल्या पदवीधराला आत घेतले जाते. ‘कोणीही’ हे उत्तर उदार वाटते, परंतु चौथ्या आठवड्यात चाऱ्याचा हिशेब आला की त्याची किंमत शिकणारा मोजतो.

म्हणून प्रत्येक पाठ समोर ठेवून, तो न शिकवता काय गृहीत धरतो, याची नोंद करावी आणि नोंदींचे दोन भाग पाडावेत. ज्यावाचून पुढे जाताच येत नाही त्या गोष्टी आवश्यक. ज्या असल्यास सोपे जाते त्या उपयुक्त. नमुन्यात तीन-चार शेळ्या, स्वतःच्या किंवा शेजाऱ्यांच्या, पाहण्या-मोजण्यास उपलब्ध असणे आवश्यक आहे, कारण वजनाची नोंद त्याशिवाय होत नाही. शेळीपालनाचा अनुभव उपयुक्त आहे, आवश्यक नाही. साधा स्मार्टफोन पुरतो की तक्ते भरण्यासाठी संगणक लागतो, हेही येथेच यावे.

भाषेबाबत विशेष काळजी घ्यावी. व्हिडिओ मराठीत, पण वाचनसाहित्य आणि चाचणी इंग्रजीत, असा प्रकार विरळा नाही आणि पानावर मात्र ‘माध्यम : मराठी’ एवढेच असते. व्हिडिओ, वाचन, चाचणी आणि शंकानिरसन या चारही बाबींची भाषा वेगवेगळी लिहावी.

शक्य असल्यास पानावरच पाच प्रश्नांची स्वयंचाचणी द्यावी, जिच्यासाठी नाव किंवा मोबाइल क्रमांक मागितला जाणार नाही. ‘४० किलो खुराकात ३० टक्के मका असेल तर मका किती किलो?’ हा प्रश्न ज्याला सुटतो (उत्तर १२ किलो), त्याला पूर्वअटींचे वर्णन वाचावे लागत नाही. ज्याला सुटत नाही, त्याच्यासाठी टक्केवारीचा एक छोटा पाठ शेजारीच ठेवता येतो.

बदललेली पहिली स्क्रीन

वरील सर्व मोजणी झाल्यावर पानाचा वरचा भाग असा दिसेल :

> उस्मानाबादी शेळीपालन : १० शेळ्या आणि १ बोकड
> शेवटी काय करता येईल : गोठ्याचा आराखडा, विण्याच्या तारखा व खुराक, लसीकरणाचे वेळापत्रक आणि वर्षाचा जमाखर्च स्वतः तयार करता येईल. उपचार करणे यात शिकवले जात नाही.
> लागणारा वेळ : एकूण २४ तास. पहिला आठवडा २, पुढील चार आठवडे प्रत्येकी ४, शेवटचा ६ तास. यांतील १२ तास गोठ्यातील व वहीवरील कामाचे. डेटा सुमारे दीड जीबी.
> तारखा : नोंदणी २५ नोव्हेंबरपर्यंत, १ डिसेंबर ते ११ जानेवारी, अंतिम काम २५ जानेवारीपर्यंत, व्हिडिओ ३१ मार्चपर्यंत खुले.
> आधी काय हवे : मराठी वाचन, टक्केवारी, स्मार्टफोन, पाहण्यास तीन-चार शेळ्या. शिक्षणाची अट नाही.
> प्रमाणपत्र : चारही कामे आणि अंतिम आराखडा सादर केल्यास. अनुदानाची हमी नाही.
> शुल्क व परतावा : एकूण रक्कम, आणि कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळेल.

शुल्काच्या ओळीत करासह पूर्ण रक्कम असावी. परीक्षेचे किंवा प्रमाणपत्राचे शुल्क शेवटच्या टप्प्यावर उघड करू नये.

पान तपासण्याची रीत

मांडणी सुधारली की नाही, हे संस्थेतील सहकाऱ्यांना विचारून कळत नाही, कारण त्यांना उत्तरे आधीच ठाऊक असतात. ज्यांच्यासाठी अभ्यासक्रम आहे अशा पाच-सहा व्यक्ती, शक्यतो कळंब, भूम, परंडा, उमरगा अशा वेगवेगळ्या तालुक्यांतील, निवडाव्यात. त्यांच्याच मोबाइलवर पान उघडून एक मिनिट वाचू द्यावे, मग मोबाइल बाजूला ठेवण्यास सांगून चार प्रश्न विचारावेत : शेवटी काय करता येईल, आठवड्याला किती वेळ लागेल, कधी संपेल, आधी काय हवे. दोघांनी एकाच प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले तर दोष त्या ओळीचा समजून ती बदलावी. पूर्वी अर्ध्यावर सोडून गेलेल्या दोन-तीन व्यक्तींनाही नवे पान दाखवून, हे आधी दिसले असते तर नाव घातले असते का, असे विचारावे. त्यांची उत्तरे सर्वाधिक उपयोगी पडतात.

पान स्पष्ट झाल्यावर नोंदणी कमी झाली तर घाबरून जुनी मांडणी परत आणू नये. नोंदणीचा आकडा मोठा असणे आणि शिकणारे पुष्कळ असणे, या भिन्न गोष्टी आहेत. हार्वर्ड विद्यापीठ व एमआयटी यांनी २०१२-१३ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या १७ मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांना सुमारे ८ लाख ४१ हजार नोंदण्या झाल्या होत्या आणि प्रमाणपत्रे सुमारे ४३ हजार, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास मिळाली. त्यांतील अनेकांना प्रमाणपत्र नकोच होते, हेही खरे. तरीही सशुल्क आणि ठरावीक तुकडीच्या अभ्यासक्रमात पाहण्याचा आकडा वेगळा आहे : नोंदणी केलेल्यांपैकी पहिले प्रत्यक्ष काम किती जणांनी सादर केले. शंभरांतून तीस जणांनी सादर करणे यापेक्षा साठांतून चाळीस जणांनी सादर करणे हे अधिक चांगल्या पानाचे लक्षण आहे.

शिकणाऱ्याचे हक्क आणि संस्थेची बंधने

पानावरील मजकूर ही जाहिरात असते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना लागू होतो. संस्था चालवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात :

- केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. अभ्यासक्रम, कालावधी, शुल्क, परतावा यांविषयी खोटे दावे आणि नोकरीची किंवा निवडीची हमी त्यांत निषिद्ध आहे. महत्त्वाच्या अटी दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत देणे बंधनकारक आहे. ही तत्त्वे ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या शिकवणीला लागू आहेत, पण कायद्यातील दिशाभुलीची मूळ तरतूद लहानांनाही सोडत नाही.
- नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई आहे. ‘फक्त तीनच जागा शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे, शेवटच्या टप्प्यावर शुल्क वाढवणे आणि न मागितलेली सेवा बिलात घालणे हे त्यांपैकी तीन.
- ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवता येत नाही.
- पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानुसार विद्यापीठे व तत्सम अधिकृत संस्थांनाच आहे. खासगी अभ्यासक्रमाच्या पानावर तसा आभास निर्माण होणारा शब्द वापरू नये.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. संस्था बंगळुरूची असो वा दिल्लीची, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे धाराशिवच्या रहिवाशाला त्यासाठी जिल्हा सोडावा लागत नाही. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. विद्यापीठे व महाविद्यालये यांचे नियमित शिक्षण या कायद्याखाली ‘सेवा’ ठरते का, हा प्रश्न न्यायालयांत वादाचा राहिला आहे. राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये ते वगळले, परंतु शिकवणी वर्गांना वगळले नाही.

शिकणाऱ्यांनी नोंदणीच्या दिवशी पानाची तारखेसह छायाप्रत मोबाइलवर काढून पावतीसोबत ठेवावी. संस्थांनीही प्रत्येक तुकडीच्या वेळचे पान जतन करावे आणि तळाशी ‘शेवटचा बदल’ अशी तारीख द्यावी. नोंदणी सुरू झाल्यानंतर कालावधी, शुल्क किंवा प्रमाणपत्राची अट बदलावी लागली, तर आधी नाव घातलेल्यांना तो बदल लेखी कळवून पूर्ण परताव्याचा पर्याय द्यावा.